नोटीस आलीये, केस अजून दाखल नाही: ३१ मार्चला प्रोव्हिजन करायची की फक्त नोटमध्ये द्यायचं?

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "सर, कस्टमरची वकिलाकडून नोटीस आलीये, पण केस काही टाकली नाहीये अजून, मग एंट्री करायची का?" आणि समोरच्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. एकाला वाटतं निकाल लागेपर्यंत काहीच करायचं नाही, दुसऱ्याला वाटतं यंदा नफा चांगला झालाय तर घेऊन टाकू पूर्ण रक्कम खर्चात, म्हणजे पुढचं टेन्शन नको. दोन्ही चूक आहे, आणि ऑडिटला दोन्ही अंगाशी येतात. म्हणून एकच केस घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करायचं ते सविस्तर लिहितोय. केस समजावण्यासाठी बनवलेली आहे, पण चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कुठल्याही अकाउंटंटला ती ओळखीचीच वाटेल.

आधी नियम कुठला ते बघून घ्या. साधारणपणे लिस्टेड कंपन्या आणि २५० कोटी किंवा त्याच्यावर नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना इंड एएस ३७ हे अकाउंटिंग स्टँडर्ड लागतं, बाकीच्या कंपन्यांना एएस २९. खटल्याच्या बाबतीत दोघांचा गाभा सारखाच आहे, फरक जिथे पडतो तिथे सांगतो. अजून एक, इन्कम टॅक्सचा वाद असेल तर इंड एएसवाल्यांनी ३७ मध्ये शोधू नये, तो इंड एएस १२ च्या अपेंडिक्स सी मध्ये जातो. जीएसटी, एक्साईज, कस्टमर, कामगार, जागेचा वाद हे सगळं मात्र इथेच.

केस अशी आहे

एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, प्रेस केलेले ब्रॅकेट बनवते, एएस २९ लागू. जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या कस्टमरला ४०,००० ब्रॅकेट पाठवले. फेब्रुवारीत त्यांच्या लाइनवर काही ब्रॅकेटला क्रॅक सापडले. १२ मार्च २०२५ ला वकिलाची नोटीस आली, एकूण मागणी ८५ लाख. त्यात सगळे पीस बदलून देण्याचे २२ लाख म्हणजे ५५ रुपये नगाप्रमाणे, लाइन बंद राहिली त्याचे ४८ लाख, आणि बाजारात नाव खराब झालं म्हणून १५ लाख. ३१ मार्चला कोर्टात काहीही दाखल झालेलं नाही. अकाउंट्सवर डायरेक्टरची सही २८ ऑगस्ट २०२५ ला व्हायची आहे. ही सहीची तारीख लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

पहिलं: घटना कधी घडली ते बघा, केस कधी पडली ते नाही

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. प्रोव्हिजनसाठी तीन गोष्टी लागतात, आधी घडलेल्या घटनेमुळे आज आपल्या डोक्यावर जबाबदारी आहे, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे, आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येतो. यातली पहिली अट नीट वाचा. जबाबदारी तयार करणारी घटना म्हणजे खराब माल पाठवणं. कोर्टात दावा दाखल होणं ही घटना नाही, तो फक्त वसुलीचा मार्ग आहे. म्हणून "केस नाही म्हणजे काही नाही" हे बोलणं टिकत नाही. नोटीससुद्धा आली नसती, पण माल खराब गेलाय हे आपल्यालाच कळलं असतं आणि पीओच्या अटीप्रमाणे बदलून द्यावा लागणार हे माहीत असतं, तरी प्रोव्हिजन करावीच लागली असती.

उलटही खरं आहे. नोटीस आली म्हणून आपोआप जबाबदारी होत नाही. कोणीही उठून ८५ लाखाची नोटीस पाठवू शकतो. आपल्याला बघायचंय की ३१ मार्चला जी माहिती होती, आणि सही होईपर्यंत जो पुरावा हातात आला, तो सगळा समोर ठेवला तर जबाबदारी आहे असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं की नाही असं म्हणणं.

आपल्या केसमध्ये क्वालिटी डिपार्टमेंटचा स्वतःचा रिपोर्ट आहे. त्यात दिसतंय की हीट ट्रीटमेंटच्या दोन लॉटमध्ये हार्डनेस ड्रॉइंगपेक्षा कमी आलीये. त्या दोन लॉटचे मिळून २६,००० पीस गेलेत. बाकी १४,००० पीस वेगळ्या लॉटचे, त्यांचे टेस्ट सर्टिफिकेट स्वच्छ. हा कागद अकाउंट्सकडे सहसा येतच नाही, क्वालिटीच्या फोल्डरला पडलेला असतो. तो मागून घ्या, कारण वकिलाच्या मतापेक्षा हा एक कागद जास्त बोलतो.

दुसरं: मागणी तोडून बघा

८५ लाख हा एक आकडा म्हणून धरला की कायम अडकायला होतं, कारण त्याला एकच शक्यता लावता येत नाही. तीन मागण्यांची कारणं वेगळी, करारातली कलमं वेगळी, पुरावा वेगळा. म्हणून प्रत्येकाचं वेगळं बघायचं.

बदलून देण्याचे २२ लाख. पीओमध्ये स्पष्ट लिहिलंय की ड्रॉइंगप्रमाणे नसलेला माल सप्लायरने स्वखर्चाने बदलून द्यायचा. २६,००० पीसबद्दल आपलाच रिपोर्ट आपल्या विरोधात आहे, म्हणजे इथे शक्यता जास्त, रक्कम मोजता येते, २६,००० गुणिले ५५ म्हणजे १४.३० लाख. ही प्रोव्हिजन. उरलेल्या १४,००० पीसचे ७.७० लाख, तिथे माल चांगला असल्याचा कागद आहे पण कस्टमर म्हणतोय सगळाच लॉट संशयास्पद. हरू शकतो, पण जिंकायची शक्यता जास्त दिसते. हे कंटिंजंट लायबिलिटी, म्हणजे पुस्तकात एंट्री नाही, फक्त नोटमध्ये.

लाइन बंद पडल्याचे ४८ लाख. पीओमध्ये कलम आहे की अप्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी सप्लायरवर नाही. वकील म्हणतात कलम मजबूत आहे पण कस्टमरच्या बाजूनेही मुद्दा आहे, हरायची शक्यता साधारण ३०-३५ टक्के. अर्ध्यापेक्षा कमी, पण दुर्लक्ष करण्याइतकी कमी नाही. हेही नोटमध्ये.

नाव खराब झाल्याचे १५ लाख. करारात आधार नाही, नुकसानीचा एकही हिशोब जोडलेला नाही, वकिलांनी लेखी दिलंय की हे टिकण्याची शक्यता अगदी नगण्य. म्हणजे रिमोट. इथे प्रोव्हिजन नाही आणि नोटमध्ये देण्याचीही सक्ती नाही.

तर ८५ लाखाचं झालं असं: १४.३० लाख पुस्तकात, ४८ अधिक ७.७० म्हणजे ५५.७० लाख नोटमध्ये, आणि १५ लाख कुठेच नाही. बेरीज करून बघा, बरोबर ८५ येते. ही बेरीज वर्किंग पेपरमध्ये ठेवा, ऑडिटरचा पहिला प्रश्न हाच असतो की नोटीस ८५ ची आणि तुमच्याकडे ७० च दिसतायत, बाकीचे कुठे गेले.

टक्क्यांबद्दल एक गोष्ट. स्टँडर्डमध्ये एकच रेष आहे, होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त, म्हणजे ५० च्या वर. रिमोट म्हणजे किती टक्के याचा आकडा स्टँडर्डमध्ये दिलेला नाही. काही कंपन्या आपल्या पॉलिसीत ५ किंवा १० टक्के असं काहीतरी ठरवतात, ठरवा, पण मग दरवर्षी आणि प्रत्येक केसला तेच वापरा. नफा कमी दाखवायचा असेल त्या वर्षी एक रेष आणि बँकेला बॅलन्स शीट द्यायची असेल त्या वर्षी दुसरी, हे चालत नाही.

तिसरं: रक्कम कशी काढायची, आणि टक्क्याने गुणायचा मोह

हे मी दरवर्षी बघतो. ४८ लाखाची मागणी, वकील म्हणतो ३५ टक्के शक्यता, की अकाउंटंट ४८ गुणिले ३५ टक्के करून १६.८० लाखाची प्रोव्हिजन टाकतो आणि त्याला वाटतं आपण मधला मार्ग काढला. पण विचार करा, या केसमध्ये १६.८० लाख द्यायची वेळ कधी येणार? एकतर काहीच द्यावं लागणार नाही, नाहीतर ४८ च्या आसपास. १६.८० हा आकडा प्रत्यक्षात कुठेच नाही. एकच दावा असेल तेव्हा सगळ्यात जास्त संभवणारा निकाल धरायचा, आणि इथे तो शून्य आहे. म्हणून प्रोव्हिजन शून्य, आणि नोटमध्ये पूर्ण ४८.

शक्यतेने गुणायची पद्धत चुकीची नाही, तिची जागा वेगळी आहे. हजारो पंखे विकलेत, त्यातले अमुक टक्के वॉरंटीत परत येतात, दुरुस्तीचा सरासरी खर्च अमुक, तिथे गुणाकारच करायचा कारण संख्या मोठी असली की सरासरी खरी ठरते. एका खटल्याला सरासरी नसते.

एका केसमध्येच रेंज असेल तर? समजा वकील म्हणाले हरणार हे नक्की, पण १० ते २० लाखात कुठेही निकाल लागेल आणि कुठला आकडा जास्त संभवतो ते सांगता येत नाही. इंड एएसमध्ये अशा वेळी मधला आकडा, म्हणजे १५ घेतात. पुण्यात अमेरिकन कंपन्यांचं अकाउंटिंग करणारे बरेच जण आहेत त्यांनी इथे सांभाळा, अमेरिकन नियमात अशा रेंजमध्ये सगळ्यात कमी आकडा म्हणजे १० घेतात, आणि त्यांचा 'प्रोबेबल' शब्दही आपल्या ५० टक्क्यांपेक्षा बराच वरचा आहे. एकच केस भारतीय कंपनीच्या पुस्तकात प्रोव्हिजन आणि अमेरिकेला पाठवायच्या पॅकेजमध्ये फक्त डिस्क्लोजर, असं होऊ शकतं आणि त्यात चूक काही नाही.

निकालाला चार-पाच वर्षं लागणार असतील तर इंड एएसमध्ये आजच्या किमतीला आणावं लागतं, फरक मोठा असेल तर. एएस २९ मध्ये खटल्याच्या प्रोव्हिजनला डिस्काउंट करायचं नाही, पूर्ण रक्कम.

वकिलाची फी यात मिसळू नका. ३१ मार्चपर्यंत त्यांनी नोटीसला उत्तर दिलं, दोन मीटिंगा केल्या, त्याचं बिल आलं नसलं तरी तो खर्च याच वर्षाचा, तो घ्यायचा. पण पुढच्या तीन वर्षांत केस लढायला बारा लाख लागतील म्हणून आजच बारा लाख धरायचे, असं नाही, ती सेवा अजून घेतलेलीच नाहीये.

चौथं: वकिलाकडून काय लिहून घ्यायचं

बहुतेक वकिलांची पत्रं एका छापाची येतात, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आपली बाजू गुणवत्तेवर भक्कम आहे." या वाक्यावरून काहीच ठरत नाही. भक्कम म्हणजे ६० टक्के की ९५? आणि ८५ लाखातल्या कुठल्या भागाबद्दल? चूक वकिलाची नाही, आपण प्रश्नच मोघम विचारतो.

म्हणून पत्रात मागणीचे तीन तुकडे आपणच करून पाठवा आणि प्रत्येकापुढे विचारा: हा भाग द्यावा लागण्याची शक्यता अर्ध्यापेक्षा जास्त आहे का, कमी आहे का, की नगण्य आहे? कुठल्या कलमावरून आणि कुठल्या पुराव्यावरून असं वाटतं? द्यावा लागला तर साधारण किती ते किती? व्याज धरलंय का? तडजोडीची बोलणी सुरू आहेत का? व्याजाचा प्रश्न विसरू नका, जुन्या केसमध्ये मूळ रकमेइतकं व्याज चढलेलं असतं आणि नोटमध्ये दहा वर्षांपूर्वीचाच आकडा कॉपी-पेस्ट होत राहतो.

ऑडिटर एसए ५०१ प्रमाणे वकिलाला थेट पत्र पाठवायला सांगू शकतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण निर्णय वकिलाचा नाही आणि ऑडिटरचाही नाही, मॅनेजमेंटचा आहे. वकील पुरावा देतो, ठरवायचं आपण आणि सही आपली.

मी एका कंपनीत काम करत असताना कामगाराच्या अपघाताची नुकसानभरपाईची नोटीस सात महिने फॅक्टरी मॅनेजरच्या फाइलमध्ये पडून होती, अकाउंट्सला पत्ताच नव्हता. सापडली कशी, तर लीगल फीच्या लेजरमध्ये एका अनोळखी वकिलाचं पंधरा हजाराचं बिल दिसलं, विचारलं हे कशाचं, तेव्हा सगळं बाहेर आलं. तेव्हापासून मी वर्षअखेरीला हे लेजर एकेक एंट्री करून वाचतो आणि प्रत्येक वकिलाच्या नावापुढे केस लिहितो. ज्या बिलापुढे केस लिहिता येत नाही तिथे विचारपूस करायची. एचआर, स्टोअर्स, डिस्पॅच यांनाही एक ईमेल टाकतो की वर्षभरात आलेली कुठलीही नोटीस असेल तर पाठवा.

पाचवं: डायरेक्टरचे ईमेल बघा

हे जरा नाजूक आहे पण फार महत्त्वाचं आहे. समजा २५ मार्चला आपल्या डायरेक्टरनी कस्टमरच्या परचेस हेडला लिहिलं असतं की "२० लाखात विषय संपवू या," तर आपली १४.३० ची प्रोव्हिजन टिकत नाही. जो माणूस स्वतःहून २० द्यायला तयार आहे त्याचा अंदाज १४.३० कसा असेल? ऑफर दिली की निदान तेवढी प्रोव्हिजन लागते, त्यापेक्षा कमी ठेवायची असेल तर तगडं कारण हवं. काही जण म्हणतात पत्रावर "हक्काला बाधा न येता" असं लिहिलं होतं. ते कोर्टात उपयोगी पडतं, तिथे ती ऑफर कबुली म्हणून वापरता येत नाही. पण आपल्या पुस्तकांसाठी ती आपल्या मनातली रक्कम सांगणारा पुरावाच आहे.

कस्टमरने डेबिट नोट टाकली असेल किंवा आपल्या बिलातून पैसे कापून ठेवले असतील तर त्याची गल्लत इथे होऊ देऊ नका. त्याने कापले म्हणून आपण देणं लागतो असं नाही, आणि आपण प्रोव्हिजन केली म्हणून येणं वजा करायचं असंही नाही. येणं पूर्ण दाखवा, ते वसूल होईल का हे वेगळं तपासा, प्रोव्हिजन वेगळी दाखवा. तसंच जीएसटीच्या अपिलाला वादातल्या टॅक्सच्या १० टक्के भरावे लागतात, किंवा कोर्ट रक्कम जमा करायला सांगतं, ते भरल्यामुळे आपण हरलो असं होत नाही. ते डिपॉझिट म्हणून मालमत्तेत दाखवायचं, आणि नोटमध्ये वादाची पूर्ण रक्कम देऊन त्यातले इतके भरलेत असं लिहायचं.

सहावं: दुसऱ्याकडून वसूल होणार असेल तर

हीट ट्रीटमेंट आपण बाहेरच्या जॉबवर्करकडून करून घेतली होती. साहजिकच मालक म्हणतात, "त्याची चूक आहे, तो पाच लाख देईल, मग प्रोव्हिजन ९.३० चीच करा ना." नाही. कस्टमरला देणं आपलं आहे, जॉबवर्करने दिले नाहीत तरी आपल्यालाच द्यावे लागणार, म्हणून प्रोव्हिजन पूर्ण १४.३०. जॉबवर्करकडून येणारे पाच लाख तेव्हाच मालमत्तेत घ्यायचे जेव्हा ते येणार हे जवळजवळ शंभर टक्के नक्की आहे. देण्याला ५० च्या वर पुरेसं, येण्याला मात्र जवळपास खात्री, ही दोन मापं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. आपल्या केसमध्ये त्याने फोनवर "बघू, करू काहीतरी" एवढंच म्हटलंय. त्यावर काही घेता येत नाही. त्याने लेखी मान्य केलं असतं किंवा क्रेडिट नोट दिली असती तर गोष्ट वेगळी. इन्शुरन्सचंही तसंच, क्लेम टाकला म्हणजे झालं नाही, कंपनीने मान्य केल्याचं पत्र लागतं. आणि घेतलं तरी बॅलन्स शीटमध्ये दोन्ही वेगवेगळं दिसलं पाहिजे, नफा-तोटा पत्रकात मात्र खर्च निव्वळ दाखवता येतो.

३१ मार्च २०२५ ची एंट्री मग एवढीच:

```
ग्राहक दावा खर्च खाते नावे    १४,३०,०००
    ग्राहक दावा प्रोव्हिजन खाते जमा    १४,३०,०००
```

जमा बाजूला कस्टमरचं खातं टाकू नका, टाकलं तर त्याची डेबिट नोट आपण मान्य केल्यासारखं होतं आणि बॅलन्स कन्फर्मेशनला गोंधळ होतो.

सातवं: ३१ मार्च ते सहीची तारीख

आता ती २८ ऑगस्टची तारीख. समजा ३० जुलै २०२५ ला मध्यस्थीत ३१ लाखात पूर्ण तडजोड झाली. पैसे जुलैत ठरले, पण वाद जानेवारीच्या मालाचा, म्हणजे ३१ मार्चला जबाबदारी किती होती हे आता नक्की कळलं. मग मार्चच्या अकाउंट्समध्येच प्रोव्हिजन ३१ लाख करायची आणि ५५.७० ची नोट काढून टाकायची, कारण आता काही शिल्लकच नाही. एएस ४ आणि इंड एएस १० दोन्हीत हेच आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण देशाने बघितलंय. टेलिकॉम कंपन्यांच्या एजीआरच्या, म्हणजे कुठल्या महसुलावर सरकारला फी द्यायची त्याच्या, वादाचा सुप्रीम कोर्टाचा निकाल २४ ऑक्टोबर २०१९ ला कंपन्यांच्या विरोधात आला. तिमाही ३० सप्टेंबरलाच संपली होती, पण रिझल्ट जाहीर व्हायचे होते. म्हणून तो बोजा सप्टेंबरच्याच तिमाहीत घेतला गेला, आणि त्या एका तिमाहीत व्होडाफोन आयडियाचा तोटा ५०,९२२ कोटी आणि एअरटेलचा २३,०४५ कोटी दिसला, त्यात मोठा वाटा याच निकालाचा.

पण २० एप्रिलला गोडाऊनला आग लागून शेजाऱ्याचं नुकसान झालं, त्याची नोटीस मेमध्ये आली, तर ती घटनाच ३१ मार्चनंतरची. मार्चच्या पुस्तकात प्रोव्हिजन नाही. रक्कम मोठी असेल तर फक्त माहिती द्यायची, तीही एएस ४ वाल्यांनी बोर्ड रिपोर्टमध्ये आणि इंड एएसवाल्यांनी नोटमध्ये.

आठवं: नोट कशी लिहायची

शेड्यूल तीनमध्ये कंटिंजंट लायबिलिटीच्या खाली "कंपनीवरील दावे जे देणं म्हणून मान्य केलेले नाहीत" असा मथळा आहे. बहुतेक जण त्यापुढे नुसता आकडा टाकून मोकळे होतात. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. आपल्या केसची नोट मी साधारण अशी लिहीन: "जानेवारी २०२५ मध्ये पुरवलेल्या मालाच्या गुणवत्तेबद्दल एका ग्राहकाने नोटीसद्वारे भरपाई मागितली आहे. त्यापैकी ५५.७० लाख रुपयांची मागणी कंपनीला मान्य नाही. करारातील अटी आणि कायदेशीर सल्ला बघता ही रक्कम द्यावी लागण्याची शक्यता कमी आहे असं व्यवस्थापनाचं मत आहे. तांत्रिक तपासणीचा निष्कर्ष आणि पुढील कार्यवाही यावर अंतिम रक्कम अवलंबून राहील." वाद कशाचा, किती, अनिश्चितता कशाची, आणि कोणाकडून परत मिळू शकतात का, एवढं आलं की झालं. ज्या वकिलाच्या मतावर हे उभं आहे त्याचं पत्र फाइलला हवं, कारण प्रलंबित खटल्यांचा परिणाम अकाउंट्समध्ये दाखवलाय की नाही यावर ऑडिटरला आपल्या रिपोर्टमध्ये लिहावंच लागतं.

मालकांची एक भीती खरी असते. "आपण १४.३० लिहिलं आणि समोरच्याने बॅलन्स शीट वाचली तर तो म्हणेल यांनीच मान्य केलंय." यासाठी स्टँडर्डमध्येच सोय आहे, फारच क्वचित प्रसंगी, माहिती दिल्याने वादात आपलं गंभीर नुकसान होणार असेल तर आकडे आणि तपशील देऊ नका, फक्त वाद साधारण कशाचा आहे आणि तपशील का दिला नाही ते लिहा. पण ही सूट फक्त सांगण्यातून आहे, एंट्री करण्यातून नाही. प्रोव्हिजन करावीच लागते, ती इतर प्रोव्हिजनबरोबर एका ओळीत दाखवता येते. या कलमाचा आधार घेऊन एंट्रीच न करणं हे मी पाहिलंय आणि ते सरळ चूक आहे.

टॅक्सचं थोडक्यात

पुस्तकात प्रोव्हिजन केली म्हणून इन्कम टॅक्समध्ये खर्च मिळेलच असं धरू नका. आयसीडीएस दहा म्हणजे इन्कम टॅक्सचं स्वतःचं प्रोव्हिजनचं स्टँडर्ड, त्यात माप 'वाजवी खात्री' असं आहे, म्हणजे आपल्या ५० टक्क्यांपेक्षा कडक. वॉरंटीच्या प्रोव्हिजनला सुप्रीम कोर्टाने रोटॉर्क कंट्रोल्सच्या २००९ च्या निकालात मान्यता दिली ती मागच्या अनुभवावर आधारलेल्या पक्क्या हिशोबामुळे. आपल्या १४.३० मागे लॉट नंबर, टेस्ट रिपोर्ट आणि पीओचं कलम आहे, ते जपून ठेवा. नुसतं "अंदाजे" लिहिलेली प्रोव्हिजन रिटर्नमध्ये उत्पन्नात परत धरावी लागते.

पुढच्या वर्षी काय होतं

समजा जुलैत तडजोड झालीच नाही, सही २८ ऑगस्टला झाली, आणि मध्यस्थीत १० ऑक्टोबर २०२५ ला ३१ लाखावर विषय मिटला. सही झालेली अकाउंट्स उघडायची नाहीत. सहीच्या दिवशी जी माहिती होती तिच्यावर अंदाज प्रामाणिक होता, म्हणून ही मागच्या वर्षाची चूक नाही, अंदाजातला बदल आहे, आणि तो २०२५-२६ मध्येच येणार:

```
ग्राहक दावा प्रोव्हिजन खाते नावे    १४,३०,०००
ग्राहक दावा खर्च खाते नावे        १६,७०,०००
    बँक खाते जमा                  ३१,००,०००
```

पण क्वालिटीचा एखादा रिपोर्ट ऑगस्टच्या आधीच हातात होता आणि तो बघितलाच नाही, असं निघालं तर मग ती चूकच, आणि तिला वेगळा मार्ग आहे, मागच्या वर्षाची चूक म्हणून दाखवावी लागते.

डिसेंबरमध्ये जॉबवर्करने पाच लाखाची क्रेडिट नोट दिली तर तेव्हा त्याचं खातं नावे आणि दावा खर्च जमा. तडजोड १४.३० च्या खाली, समजा ११ लाखात झाली असती, तर उरलेले ३.३० लाख नफा-तोट्यात परत आणायचे. "राहू दे, दुसऱ्या एका केसला लागतील" असं म्हणून ते तसेच ठेवता येत नाहीत. जी प्रोव्हिजन ज्या वादासाठी केली ती त्याच वादासाठी वापरायची. दुसऱ्या केसला लागत असेल तर तिच्यासाठी हेच सगळं पहिल्या पायरीपासून वेगळं करायचं.